रद्द झालेली फेरी

माझे वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीतून ‘पंढरपूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे’ असं सांगणारा आवाज म्हणजे आमचे बाबा. सण जेवढा मोठा, तेवढी त्यांची ड्यूटी लांब. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या, गणपतीत कोकणच्या, दिवाळीत सगळीकडच्या. अख्ख्या तालुक्याला मामाच्या गावी पोचवणारा हा माणूस आम्हाला घेऊन कुठे गेला, असं आमच्या लहानपणी फारसं घडलंच नाही. आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन आजोळी निघायची तेव्हा बाबा खिडकीशी यायचे, आईच्या हातात सुटे पैसे ठेवायचे आणि वाहकाला सांगायचे, “माझी माणसं आहेत.”

त्यामुळे ते निवृत्त झाल्यावर सगळ्यांनी मिळून एक दिवस मुंबई बघायची असं ठरलं, तेव्हा त्या दिवसाची आखणी बाबांनीच करायची हे न बोलता ठरून गेलं. आई-बाबा दादा-वहिनीकडे सांगलीला असतात. मी ठाण्यात, नौपाड्यात. दादाचा शौनक तेव्हा दहा वर्षांचा, ओवी सहाची, माझी मुक्ता आठची. शौनक आणि ओवीनं समुद्र पाहिलेला नव्हता. समीरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, फक्त एवढंच विचारलं की पावसाळ्यातच का. तर मुलांच्या सुट्ट्या, दादाची रजा आणि आईचं श्रावणात आमच्याकडे राहायला येणं या तिन्हींचा मेळ त्याच आठवड्यात बसत होता.

बाबांनी फुलस्केप कागदावर पट्टीनं रकाने आखले होते. ठिकाण, पोहोच, निर्गमन, शेरा. सात चाळीसची ठाण्याहूनच सुटणारी धीमी लोकल, म्हणजे नऊ माणसांना बसायला जागा मिळेल. पाऊण-एक तासात सीएसएमटी. तिथून गेट वे, मग वस्तुसंग्रहालय उघडायच्या वेळेला दारात. एक वाजता गिरगावात जेवण, तिथे आधी फोन करून ठेवलेला. मग भायखळ्याला राणीची बाग, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह आणि साडेसातला परत. प्रत्येक दोन ठिकाणांच्या मध्ये त्यांनी पंधरा मिनिटं मोकळी सोडली होती. ओवीला चालवणार नाही, आईला जिना चढायला वेळ लागतो, हे सगळं त्यात धरलेलं होतं. शेरा या रकान्यात ‘येथे स्वच्छतागृह आहे’ असंही लिहिलं होतं. तो कागद बघून मला भरून आलं. इतकी वर्षं हे सगळं त्यांना कुणासाठी करता आलं, तर अनोळखी लोकांसाठी.

त्या दिवशी रविवार होता आणि आषाढातली अमावास्या. दिव्याची अवस. आईनं सांगलीहून येताना तिची पितळेची समई, दोन निरांजनं आणि लामणदिवा जुन्या लुगड्यात गुंडाळून आणला होता. बाबांच्या कागदावर दिव्यांची पूजा सर्वांत खाली होती, रात्री आठ वाजता, ‘वेळ उरल्यास’ असा शेरा लिहून. आई काही बोलली नव्हती. पण तिनं तो शेरा दोनदा वाचलेला मी पाहिला होता.

पाऊस रात्रभर होता. आमच्याकडे पावसाला कोणी तसं भीत नाही; ठाण्यात जुलै-ऑगस्टात पाऊस नसेल तर लोक आकाशाकडे बघायला लागतात. साडेसातला आम्ही स्टेशनात पोचलो, तेव्हा गाड्या वीस मिनिटं उशिरानं धावत असल्याची घोषणा चालू होती. सात चाळीसच्या पुढे वेळ सरकत गेली. इंडिकेटरवर गाडीचं नाव यायचं, मिनिटं यायची, आणि मिनिटं कमी होण्याऐवजी तशीच राहायची. छत्र्यांचं पाणी फलाटावर ओघळत होतं. ओवी दादाच्या खांद्यावर परत झोपली.

दादा मोबाइलवर शोधाशोध करत होता. समीर म्हणाला, हायवेनं टॅक्सी करू. वहिनी म्हणाली, वस्तुसंग्रहालय गाळू आणि सरळ राणीच्या बागेत जाऊ. सगळेजण त्या कागदाला ठिगळं लावत होते. बाबा मात्र कशातच नव्हते. ते आमच्याकडे पाठ करून समोरच्या फलाटांकडे बघत उभे होते. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलंय आणि ते दाखवायचं नाहीये. मी जवळ गेले तर म्हणाले, “तिकडून गाडी येईना.”

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि स्टेशनवर वर्षानुवर्षं उभं राहूनही मला हे कधी सुचलं नव्हतं. आपण सगळे जाणाऱ्या गाडीच्या बाजूला डोळे लावून बसतो. पण इथून जाणारी गाडी म्हणजे तिकडून आलेलीच गाडी. ती आली, रिकामी झाली, की तीच उलट्या दिशेनं सुटते. मुंबईकडून येणाऱ्या गाड्या उशिरा का होईना येत असल्या, तर उशीर आहे. त्या यायच्याच थांबल्या, तर मध्ये कुठेतरी रस्ता बंद झालाय, मग घोषणा काहीही म्हणो. बाबा म्हणाले, “आमच्याकडंही तसंच. चौकशीच्या खिडकीत भांडणाऱ्याला वाटायचं मी गाडी दाबून ठेवलीय. अगं, गाडी आलीच नाही तर सोडू काय?”

थोड्या वेळानं घोषणेतला ‘वीस मिनिटं’ हा शब्दही गेला. आता नुसतं ‘उशिराने’. बाबांनी मान हलवली. त्यांच्या हिशेबात आता हा उशीर राहिला नव्हता, फेरी रद्द झाली होती. आणि या दोन गोष्टी ते फार वेगळ्या मानतात. त्यांनी प्रत्येक ठिकाणी सोडलेली पंधरा मिनिटं उशीर झेलण्यापुरती होती. उशीर असला की धावपळ करायची, पुढचं थोडं आवळायचं, वेळापत्रकाला गाठायचं. फेरी रद्द झाली की तीच धावपळ नुकसान करते, कारण आपण नसलेल्या गाडीच्या मागे धावत असतो.

एवढ्यात फलाटावर कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, “कुर्ल्याला रुळांवर पाणी आलंय.”

आणि शौनकनं माझा हात धरला.

हे थोडं थांबून सांगायला हवं. दादाचं घर सांगलीत गावभागात आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागे पडली होती. पाणी एकदम आलं नाही. ते पायरीपायरीनं आलं, दिवसाढवळ्या, सगळे बघत असताना, आणि मग कित्येक दिवस गेलंच नाही. पाच वर्षांच्या शौनकला दादानं खांद्यावर घेऊन बाहेर काढलं होतं. परत आले तेव्हा तळमजल्याच्या भिंतीवर त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर गाळाची रेघ होती. ती नंतर रंग देऊन झाकली, पण शौनकच्या मनात पाणी म्हणजे येऊन बसणारी गोष्ट, एवढंच राहिलं. शाळेतून येताना पाऊस लागला तर तो अजून आधी नदीचं विचारतो. मुंबईला समुद्र बघायला यायला तो तयार झाला होता, पण त्यानं वहिनीला विचारून घेतलं होतं की समुद्र घरात येतो का.

“आत्या, इथंपण येईल?” त्यानं विचारलं.

मी नाही म्हटलं, पण ते मोठ्या माणसांचं नाही होतं, आणि त्याला ते कळत होतं. बाबांनी ऐकलं. ते खाली बसले, म्हणजे फलाटाच्या ओल्या फरशीवर उकिडवे, त्याच्या उंचीला. म्हणाले, “आज तिथी काय?”

“अमावास्या,” आईनं उत्तर दिलं.

“म्हणजे पंधरावी. पंधराला पाऊणनं गूण.”

शौनकला पाऊणकी येत नव्हती. मग दोघांनी मिळून केलं. पंधराचे तीन चतुर्थांश, सव्वाअकरा. “म्हणजे सव्वाअकरा ते बारा या वेळात समुद्राला पूर्ण भरती,” बाबा म्हणाले. “कुठलीही तिथी घे, पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ. मुरूडला असताना एका कोळ्यानं शिकवलंय मला. थोडं इकडे-तिकडे होतं, पण अंदाज चुकत नाही.”

मग ते त्याला सांगू लागले, आणि हळूहळू आम्ही सगळेच ऐकायला लागलो. कुर्ला-सायनचा भाग सखल. तिथे मिठी नदी, नाले, सगळं शेवटी खाडीला आणि समुद्राला मिळतं. एरवी पाणी उतारानं निघून जातं. पण भरतीला समुद्रच वर चढतो. नाल्यांची तोंडं त्याच्या खाली जातात. मग पावसाचं पाणी बाहेर पडणार कुठे? आणि अमावास्या-पौर्णिमेची भरती तर सर्वांत मोठी, उधाणाची. म्हणून मोठा पाऊस आणि उधाण एका वेळी आलं की तिथे पाणी तुंबतं. रुळ बदलणारी यंत्रं बुडतात, सिग्नल लाल होतात, लोकलच्या मोटारी डब्याखाली चाकांजवळ असतात, त्यांत पाणी जाऊ नये म्हणून गाड्या थांबवतात.

“मग ते पाणी किती दिवस राहतं?” शौनकनं विचारलं. त्याचा सगळा प्रश्न त्या ‘दिवस’ शब्दात होता.

“दिवस?” बाबा म्हणाले. “अरे, बाराला भरती संपली की ओहोटी. सहा तास समुद्र मागेच जातो. पाऊस असाच वेड्यासारखा पडत राहिला तर गोष्ट वेगळी. पण तो कमी झालाय, बघ. दोननंतर पाणी उतरायला लागेल. चारपर्यंत गाड्या चालू.” आणि मग त्यांच्या केबिनमधल्या आवाजात: “कृष्णेच्या पाण्याला धरणं आहेत, वरचा पाऊस आहे, ते कधी जाईल ते कोण सांगणार. या पाण्याला वेळापत्रक आहे.”

शौनकनं हात सोडला. बाबांच्या खिशातला तो फुलस्केप कागद मागून घेतला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला, स्टेशनच्या बाकावर ठेवून, लिहिलं: भरती ११.१५. पाणी उतरणार २.००. गाड्या ४.००.

नऊ वाजले होते. आता करायचं काय, हा प्रश्न होताच. घरी जाऊ असं म्हणायची कोणाची इच्छा नव्हती. मुलं रेनकोट घालून तयार, वहिनीनं पहाटे उठून केलेल्या दशम्या पिशवीत. दादा म्हणाला, “बाबा, तुम्ही सांगा.” बाबा म्हणाले, अशा वेळी स्थानकात ते एकच करायचे. वेळापत्रक बघायचं नाही, आवारात बघायचं. जी गाडी उभी आहे, चालक-वाहक हजर आहेत आणि रस्ता मोकळा आहे, ती आधी सोडायची. मग ती कुठली का असेना. निदान तेवढी माणसं तरी निघतात.

आम्ही जिना चढून सॅटिसवर, म्हणजे स्टेशनला लागून असलेल्या बसच्या उन्नत मार्गावर, आलो. तिथे एक टीएमटी उभी होती, इंजिन चालू, पवारनगरची. बाबांनी वाहकाला विचारलं, सुटतेय का. तो म्हणाला, लगेच. “रस्ता?” “पोखरणला पाणी नाही, काका.” झालं. नऊ जण चढलो.

मी ठाण्यात राहते, पण रविवारच्या पावसात बसच्या पहिल्या सीटवर बसून मी ठाणं कधी बघितलं नव्हतं. काचेवर वायपर एकच चालत होता. बाबा चालकाच्या मागच्या सीटवर बसून रस्ता बघत होते, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या मुक्ताला सांगत होते की हा माणूस ब्रेक किती हलका मारतो बघ, पाण्यात असाच मारायचा. आईनं खिडकी किंचित उघडली. ओवी उठली आणि तिनं विचारलं, “मुंबई आली?” दादा म्हणाला, “नाही गं, आपण दुसरीकडे चाललोय.” ती म्हणाली, “बरं,” आणि काचेवर नाक टेकवून बसली.

पवारनगरला उतरून आम्ही चालत उपवनला गेलो. येऊरचा डोंगर ढगात अर्धा बुडाला होता आणि खालच्या अर्ध्या भागावर पांढऱ्या रेघा, लांबून मोजता येतील अशा. मुलांना तिथे जायचं होतं. पावसाळ्यात धबधब्यांकडे जायला मनाई असते आणि ती योग्यच आहे. तिथलं पाणी क्षणात वाढतं, दरवर्षी कुणाचा तरी जीव जातो. आम्ही तळ्याच्या काठानंच फिरलो. तळं काठोकाठ भरलेलं. पावसाची सर त्या पलीकडच्या काठावरून पाण्यावर चालत येताना दिसायची, आधी पलीकडचं पाणी करडं व्हायचं, मग मधलं, आणि मग मुलं किंचाळायची कारण ती आमच्यावर आलेली असायची. शौनक पहिल्या सरीला मागे पळाला. दुसऱ्या सरीला जागेवर उभा राहिला. नंतर तो सर कुठून येणार हे ओवीला आधीच सांगायला लागला.

एका पत्र्याच्या शेडखाली आम्ही दशम्या खाल्ल्या. शेंगदाण्याची चटणी, दही, लोणचं. गिरगावात फोन करून जेवण रद्द केलं ते समीरनं, आणि फोन ठेवून त्यानं चौथी दशमी घेतली. पलीकडे कणसं भाजणारा होता. निखाऱ्यावर पाणी पडू नये म्हणून त्यानं गाडीवर मोडकी छत्री बांधली होती आणि तो लिंबू इतकं जोरात चोळत होता की मुक्तानं त्याला तिचं कणीस पुन्हा चोळून द्यायला लावलं.

परतीच्या वाटेवर आईला रस्त्याकडेला दोन बायका बसलेल्या दिसल्या, येऊरच्या पाड्यावरच्या. पुढ्यात सागाच्या पानांवर वाटे मांडलेले. आई सांगलीची, भाजी म्हटलं की तिला मेथी, पोकळा, चाकवत. इथे तिला एकही ओळखू येईना, आणि माझी आई भाजी ओळखू न येणं सहन करू शकत नाही. ती पावसात त्यांच्यासमोर बसली. टाकळा कुठला आणि फोडशी कुठली, करटोली कच्ची कशी ओळखायची, सगळं विचारून घेतलं. टाकळ्याची फक्त कोवळी पानं घ्यायची, जून झाला की कडवट लागतो. फोडशी दिसते गवतासारखी. बुडखा आणि मधला कडक दांडा काढून टाकायचा, बारीक चिरायची, भरपूर कांदा आणि भिजवलेली मूगडाळ घालून परतायची. करटोली हिरवीगार घ्यायची, पिवळी पडलेली नको, आत बी टणक झालेलं असतं. त्या बाईनं आईला विचारलं, तुमच्याकडे काय मिळतं? मग चाकवताची ताकातली भाजी कशी करायची ते आईनं तिला सांगितलं. बराच वेळ गेला. आमच्यापैकी कोणी घड्याळ बघितलं नाही. बाबांनीसुद्धा नाही, आणि हे मी मुद्दाम लक्ष ठेवून सांगते आहे.

घरी आलो तेव्हा नऊही जण ओलेचिंब आणि बाथरूम दोन. तिथे मात्र बाबांनी सूत्रं हातात घेतली. आधी मुलं, मग आई, गीझर तापायला मध्ये दहा मिनिटं. ते पॅसेजमध्ये स्टूल टाकून बसले आणि नावं पुकारायला लागले. “ओवी, न्हाणीघर क्रमांक एकवर लागत आहे.” तो आवाज. मी स्वयंपाकघरात हातातलं काम ठेवून ऐकत उभी राहिले. दादाही दारात येऊन उभा राहिला होता. आम्ही लहानपणी स्थानकावर ऐकलेला तो आवाज पहिल्यांदाच आमच्या घरातल्या माणसांची नावं घेत होता.

जेवणं उशिरा झाली, फोडशी आणि टाकळा, भाकरी, आमटी. आणि मग आईला तिची दुपार मिळाली. वर्तमानपत्र अंथरून दिवे मांडले. चिंचेच्या कोळानं आणि मिठानं पितळ घासायचं काम मुलांचं. समईच्या पाकळ्यांमधली काजळी काढायला मुक्तानं जुना टूथब्रश आणला. आईनं वहिनीला आणि मला कणकेच्या दिव्यांना बसवलं. दोन वाट्या कणीक, त्यात दोन चमचे कडकडीत तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ, वेलची. पाऊण वाटी गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा, आणि त्या पाण्यात कणीक घट्ट भिजवायची. सैल झाली तर वाफेवर दिवा बसतो, वातीची जागा बुजते. पुरीएवढा गोळा घेऊन अंगठ्यानं मध्ये खळगा करायचा आणि काठाला चिमटा काढून वातीसाठी चोच. मोदकपात्रात पंधरा मिनिटं. शिजलेला दिवा बोटाला चिकटत नाही आणि वरून तुकतुकीत दिसतो. शौनकच्या दिव्याला एकाऐवजी चार चोची होत्या. वहिनी मोडायला निघाली होती, आई म्हणाली, “राहू दे. चारी दिशांना उजेड पडेल.”

दिवे वाफेवर होते तेव्हा बाबा सतरंजीवर आडवे झाले होते आणि मुलं त्यांच्याभोवती. शौनकनं विचारलं, “आजोबा, तुमच्या स्टँडमध्ये कधी पाणी आलं होतं?” आणि बाबांनी २६ जुलै २००५ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सगळ्यांना माहीत आहे. ते तेव्हा कोकणातल्या एका आगारात होते, आणि मुंबईकडे गेलेल्या त्यांच्या गाड्यांचा पत्ता लागत नव्हता. फोन लागत नव्हते. रात्रभर ते केबिनमध्ये बसून होते, समोर चालक-वाहकांच्या नावांची यादी. बाहेर त्या माणसांच्या बायका येऊन बसल्या होत्या. बाबा कोणालाच काही सांगू शकत नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली गाडी आली. ती लागली तेव्हा घोषणा करायला माइक हातात घेतला, आणि गाडीचं नाव काही केल्या तोंडातून फुटेना.

“मग?” ओवीनं विचारलं.

“मग काय. सगळ्यांना दिसतच होती की गाडी.”

आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिनं गॅस बारीक केला. लग्नाला इतकी वर्षं होऊन ही गोष्ट तिनंही ऐकलेली नव्हती, हे तिनं मला रात्री सांगितलं. २७ जुलैला बाबा घरी आले होते, जेवले होते आणि झोपले होते, एवढंच तिला माहीत होतं.

आमचं घर रुळांपासून दोन गल्ल्या आत आहे. चार वाजायला काही मिनिटं असताना लोकलचा भोंगा ऐकू आला. एरवी तो आमच्या कानांना कळतही नाही. शौनक ताडकन उठून गॅलरीत गेला. आणखी एक गाडी गेली, मग उलट दिशेनं एक. तो आत येऊन कागद घेऊन बसला आणि ‘गाड्या ४.००’च्या पुढे त्यानं शेरा लिहिला: ‘३.५२ ला आली. ८ मिनिटं लवकर.’ बाबांनी कागद हातात घेऊन वाचला आणि खाली सही केली, जशी ते रोज लॉगशीटवर करत असत.

दिव्यांची पूजा अंधार पडायच्या आधीच झाली, कारण ओवीला धीर निघेना. आईनं सगळ्या मुलांना ओवाळलं, आणि मग पहिल्यांदाच बघितलं मी, तिनं बाबांनाही पाटावर बसायला सांगितलं. सण म्हटल्यावर तिला सवयच नव्हती त्यांची. कणकेचे दिवे गरम गरम, वर तुपाची धार. चार चोचींचा दिवा शौनकनं चौघांत वाटला.

पुढच्या जानेवारीत आम्ही मुंबई बघितली. त्याच कागदाप्रमाणे, सात चाळीसच्या गाडीनं, कोरड्या हवेत, सगळं वेळेवर. शौनकनं आणि ओवीनं समुद्र पाहिला. छान झाला तो दिवस, बाबा खूश होते. पण आम्ही भेटलो की बोलणं निघतं ते आषाढातल्या त्या रविवारचं, आणि प्रत्येकजण आपलं सांगतो. समीरला दशम्या आठवतात. मुक्ता म्हणते बसचा वायपर डावीकडचा चालू होता, दादा म्हणतो उजवीकडचा. वहिनीला आठवतं की शौनक पावसात जागेवर उभा राहिला. ती हे सांगते तेव्हा अजून थोडी थांबून सांगते.

शौनक आता बारा वर्षांचा आहे. श्रावणात आई-बाबा आमच्याकडे असले की सांगलीहून त्याचा रोज फोन येतो, समुद्रापासून इतक्या लांब बसून. काल बाबांनी फोन स्पीकरवर ठेवला होता.

“आजोबा, आज दशमी. साडेसात.”

“ते मुंबईला. ठाण्याची खाडी आत आहे. इथं पोचायला पाण्याला अजून वेळ लागतो.”

“किती?”

“तू काढ,” बाबा म्हणाले आणि चप्पल घालून, मुक्ताला घेऊन, घड्याळ बघत कोपरीच्या बाजूला खाडीवर निघाले.